मातीचं किट आणि प्रयोगशाळेचा कागद: बारा शेतांच्या नोंदी

आमचा बारा जणांचा शेतकरी गट आहे, प्रवरेच्या पाटपाण्याखाली. माती काळी, भारी, बहुतेक ठिकाणी चुनखडीची. दर खरिपाआधी एकच वाद होतो: डीएपी किती गोण्या टाकायच्या? पन्नास किलोची गोणी १३५० रुपयांना पडते, आणि जमिनीत स्फुरद आधीच पुरेसं असेल तर ते पैसे मातीतच जातात. म्हणून यंदा गटाच्या पैशातून रंग बघून माती तपासायचं किट आणलं. या नोंदी मुख्यतः स्फुरदाच्या आहेत. बाकीच्या घटकांचं जेवढं कळलं तेवढं शेवटी लिहिलं आहे.

२ एप्रिल

किट आलं. ४६०० रुपये. निळी प्लॅस्टिकची पेटी, सहा परीक्षानळ्या, दोन चमचे, गाळणी कागद, थेंबाच्या बाटल्या आणि लॅमिनेशन केलेला रंगतक्ता. स्फुरदाची रीत सोपी आहे. दोन ग्रॅम माती, वीस मिली 'अर्क द्रावण', पाच मिनिटं हलवायचं, गाळायचं, मॉलिब्डेटचे थेंब टाकायचे, मग स्टॅनस क्लोराइडचा एक थेंब. निळा रंग येतो. जितका गडद तितकं स्फुरद जास्त. तक्त्यावर पाच खाने आहेत: ०, ०.५, १, २ आणि ४ पीपीएम.

उत्साहात संध्याकाळी सहाला ओसरीवर बसून माझ्याच शेताची माती घेतली. मी २ म्हटलं, धाकटा भाऊ ०.५ म्हणाला. भांडण व्हायची वेळ आली. मग लक्षात आलं की ओसरीला कांद्यासाठी आणलेली निळी ताडपत्री बांधली आहे आणि सगळा उजेड तिच्यातून येतोय. त्या उजेडात पांढरा कागदसुद्धा निळसर दिसत होता.

सकाळी नऊला तीच माती परत घेतली. मोकळ्यावर, पण उन्हात नाही, भिंतीच्या सावलीत, नळीमागे पांढरा कोरा कागद धरून. दोघांचंही १ आलं. यापुढे वाचन सकाळी नऊ ते चारच्या दरम्यान, या एकाच जागी. बल्बखाली तर मुळीच नाही.

५ ते ७ एप्रिल

नमुने घेतले. कागदावर सोपं वाटतं: शेतात नागमोडी चालत पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, वीत-दीड वीत खोल, कडेची पातळ चकती काढायची, घमेल्यात एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत.

पहिल्या दिवशी पाच शेतं उरकली आणि त्यातली दोन वाया गेली. अण्णांच्या शेतात एक खड्डा जुन्या उकिरड्याच्या जागेवर पडला. त्यांनी सांगितलंच नाही, आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या शेतात ठिबकच्या नळीखालूनच माती काढली, जिथे वर्षभर विद्राव्य खत उतरतं. ती दोन्ही शेतं दुसऱ्या दिवशी परत केली. आता खड्डे पाडायच्या आधी मालकाला तीन प्रश्न विचारतो: उकिरडा कुठं होता, झाड कुठं होतं, शेवटचं खत कधी टाकलं.

तिसरी चूक अशी की दोन शेतं नुकतीच भिजवलेली होती. ओल्या मातीचे दोन ग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम माती नव्हेच, त्यातलं पाणीही त्यात आलं. सगळे नमुने सावलीत पोत्यावर पसरून चार दिवस वाळवले, लाकडी मोगरीनं फोडले, दोन मिलीमीटरच्या चाळणीतून काढले.

आणि यात सगळ्यात महत्त्वाचं: चाळलेली माती एकाच घमेल्यात नीट कालवून तिचे दोन भाग केले. एक किटसाठी, एक प्रयोगशाळेसाठी. गेल्या वर्षी शेजारच्या गटानं किटला एका दिवशीची माती लावली आणि प्रयोगशाळेला दुसऱ्या खड्ड्यातली पाठवली. फरक आला तो किटचा की खड्ड्याचा, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

९ एप्रिल

किटमधला मोठा चमचा 'दोन ग्रॅम'चा आहे. गावच्या सराफाकडे तो सपाट भरून पाच वेळा तोलला: २.१, २.४, २.२, २.७, २.३. चमचा ठोकून भरला की जास्त, हलका भरला की कमी. बारीक कुटलेली माती चमच्यात दाटून बसते. २.७ म्हणजे पस्तीस टक्के जास्त माती. तक्त्यावर अर्धा खाना त्यातच गेला.

सराफ म्हणाले, "मातीला सोन्याचा काटा लावला की राव तुम्ही." मग ६५० रुपयांचा छोटा काटा मागवला, शंभरावा भाग दाखवणारा. किटच्या किमतीत तो धरायलाच हवा होता.

१२ एप्रिल

काळ्या मातीचा अर्क गाळल्यावरही चहासारखा राहतो. त्यात निळा मिसळला की हिरवट-मळकट काहीतरी दिसतं, आणि डोळा ते 'गडद' म्हणून वाचतो. प्रयोगशाळेत यासाठी अर्कात कोळशाची पूड टाकतात, ती रंग शोषून घेते. मी शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानातून गाळणीचा कोळसा आणला, कुटला, प्रत्येक नळीत चिमूटभर टाकला. अर्क एकदम स्वच्छ! आणि बाराच्या बारा शेतांत स्फुरद भरपूर!

अर्धा दिवस आम्ही खूश होतो. मग भावानं विचारलं, "दादा, माती न टाकता करून बघायचं का?" नुसतं अर्क द्रावण, नुसता कोळसा, बाकी सगळं तसंच. तीही नळी निळीशार झाली. म्हणजे स्फुरद कोळशातलंच होतं. प्रयोगशाळेतला कोळसा आधी धुऊन स्फुरदमुक्त केलेला असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही, आठवलं नाही.

बारा वाचनं खोडली. कोळसा बंद. त्याऐवजी दुहेरी गाळणी कागद लावतो आणि पहिले चार-पाच मिली टाकून देतो. शिवाय अर्काचा मूळ रंग बघण्यासाठी थेंब न टाकलेली एक नळी शेजारी ठेवतो, म्हणजे किती मळकटपणा मातीचा आणि किती निळा स्फुरदाचा ते समजतं.

त्याच दिवशी कोरी नळी कोळशाशिवायही एकदा फिकट निळी आली. कारण सापडलं: वहिनींनी नळ्या भांड्यांच्या पावडरनं घासून ठेवल्या होत्या. पावडरीत फॉस्फेट असतं. आता नळ्या साध्या पाण्यानं, मग पातळ आम्लानं, मग तीनदा डिस्टिल्ड पाण्यानं. बोअरचं पाणी कुठंच नाही. आणि प्रत्येक फेरीत पहिली नळी कोरी. ती निळी आली तर ती फेरी रद्द, वाद नाही.

१५ एप्रिल

दुसरा प्रश्न: तक्त्यावरचा '१ पीपीएम' म्हणजे कशाचा? नुसत्या स्फुरदाचा, फॉस्फेटचा की P₂O₅ चा? पेटीवर लिहिलेलं नाही. हा शब्दांचा खेळ नाही. स्फुरदाचा आकडा २.२९ नं गुणला की P₂O₅ होतो, आणि फॉस्फेटचा आकडा स्फुरदाच्या तिप्पट असतो. इथं घोळ झाला तर कमी स्फुरदाची जमीन कागदावर भरपूर स्फुरदाची होते.

याचं उत्तर आमच्या खताच्या खोलीतच होतं. ०:५२:३४ हे विद्राव्य खत म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. शुद्ध असेल तर त्यात २२.७ टक्के स्फुरद असतं. ०.४४ ग्रॅम खत एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं की १०० पीपीएम स्फुरदाचं पाणी तयार. त्यातलं दहा मिली घेऊन परत एक लिटर केलं की १ पीपीएम. खताची पिशवी नवी, न फोडलेली घेतली, कारण जुन्या पिशवीतल्या खताला ओल लागलेली असते आणि वजन फसवतं. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे आमच्याच गावचे सर आहेत, त्यांच्याकडून लिटरचा मापफ्लास्क आणि पिपेट उसनं आणलं.

या पाण्यानं दोन गोष्टी कळल्या. १ पीपीएमचं पाणी तक्त्यावर बरोब्बर १ ला बसलं, म्हणजे तक्ता नुसत्या स्फुरदाचा आहे. फॉस्फेटचा असता तर ३ च्या आसपास गेला असता.

दुसरी गोष्ट, शेजारच्या गटाची उरलेली स्टॅनस क्लोराइडची बाटली आम्ही काटकसर म्हणून घेतली होती. तिच्या थेंबानं तेच १ पीपीएमचं पाणी जेमतेम ०.५ चा रंग देत होतं. हे रसायन हवेनं बिघडतं आणि बाहेरून काही दिसत नाही. ती बाटली टाकली. आमची बाटली उघडल्याची तारीख चिकटवून फ्रिजमध्ये ठेवली, दुधाच्या कप्प्यापासून लांब, डबीत बंद करून, वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून.

रंग थांबत नाही हेही याच पाण्यानं दाखवलं. पाच मिनिटांनी पुरता आला, बारा मिनिटांनंतर फिका पडायला लागला, अर्ध्या तासानं एक खाना खाली. म्हणून दहाव्या मिनिटाला वाचायचं, मोबाइलचा गजर लावून, आणि एका वेळी चारपेक्षा जास्त नळ्या घ्यायच्या नाहीत.

१८ ते २० एप्रिल

आता खरी फेरी. बारा शेतं, प्रत्येकी तीन वेळा, दोन वाचक, एकमेकांचा आकडा न बघता कागदावर लिहायचा. तीन दिवस गेले. पेटीवर 'वीस मिनिटांत निकाल' लिहिलं आहे. कोरी नळी, प्रमाण पाणी, तोलणं, धुणं धरलं तर एका शेताला पाऊण तास लागतो.

आकड्याचा हिशेब असा. माती दोन ग्रॅम आणि द्रावण वीस मिली, म्हणजे अर्कातला पीपीएम दहानं गुणायचा. हेक्टरी किलो करायला २.२४ नं गुणायचं. तक्त्यावर ०.५ आलं तर ०.५ × १० × २.२४ = ११.२ किलो. १ आलं तर २२.४. २ आलं तर ४४.८.

इथं थांबून बघा. ओल्सेन पद्धतीच्या स्फुरदाला आपल्याकडे १० किलोच्या खाली कमी, १० ते २५ मध्यम, त्यावर जास्त म्हणतात. म्हणजे तक्त्याच्या दोन शेजारच्या खान्यांमध्येच सगळा मध्यम पट्टा मावतो. आणि आमच्या तीन फेऱ्यांत एकाच मातीचं वाचन बारापैकी चार शेतांत एक खाना इकडेतिकडे झालं. प्रयोगशाळेचा कागद यायच्या आधीच हे मान्य करायला हवं होतं की या तक्त्यावरून 'मध्यमात खालचा की वरचा' हे कधीच सांगता येणार नाही.

२० तारखेला मातीचे दुसरे भाग प्रयोगशाळेत दिले. बारा नव्हे, चौदा. दोन शेतांची माती वेगळ्या नावानं दुसऱ्यांदा पाठवली, त्यांना न सांगता. नमुन्याला ३०० रुपये, एकूण ४२००. चुनखडीचं प्रमाणही मागितलं. त्यामुळेच पुढचं कोडं सुटलं, नाहीतर ते कायम राहिलं असतं.

६ मे

अहवाल आला. आधी चोरून पाठवलेली जोडी बघितली. शेत क्रमांक १ चं स्फुरद एकदा १३ आणि एकदा १२ किलो. क्रमांक ७ चं २१ आणि २४.५. म्हणजे प्रयोगशाळेच्या आकड्यालाही तीन-साडेतीन किलोची ढिलाई आहे. त्याला मी दोष म्हणणार नाही. पण २४ आलं म्हणून मध्यम आणि २६ आलं म्हणून जास्त, असा जीव काढून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता किट. सहा शेतांचे आकडे देतो, बाकीची याच धर्तीवर आहेत. स्फुरद हेक्टरी किलोत, चुनखडी टक्क्यांत.

| शेत | चुनखडी | किट | प्रयोगशाळा |
|---|---|---|---|
| ३ | २.५ | ४५ | १७ |
| ७ | ३.५ | ४५ | २१ |
| १ | ४ | २२ | १३ |
| १० | ८ | ११ | १४ |
| ५ | ११ | ० | १६ |
| १२ | १४ | ० | २३ |

मी मनाची तयारी करून बसलो होतो की किट सगळीकडे जास्त दाखवेल किंवा सगळीकडे कमी, मग एका आकड्यानं भागून टाकू. वहीत तसं करूनही बघितलं. वरच्या तीन शेतांसाठी साधारण दोननं भागायला हवं. मग खालच्या शेतांचं काय? शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच. आणि क्रमांक १२, जिथं या सहांत सर्वांत जास्त स्फुरद आहे, तिथं किट म्हणतंय काहीच नाही. त्या शेताच्या मालकानं किटवर विसंबून तीन गोण्या डीएपी आणायची तयारी केली होती.

रात्री झोप लागली नाही असं नाही, पण वही उशाशी होती.

९ मे

सरांना तक्ता दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या किटचं अर्क द्रावण काय आहे रे?" बाटलीवर बारीक अक्षरात होतं: आम्ल, ०.१ नॉर्मल. "आणि प्रयोगशाळेचं?" अहवालाच्या तळाशी होतं: ओल्सेन. म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आम्लाच्या उलट बाजूचं, ८.५ सामूचं. एकाच मातीला दोन वेगळे प्रश्न विचारून आम्ही उत्तरं जुळवत बसलो होतो.

मग त्यांनी फळ्यावर एक साधं गणित केलं. एक ग्रॅम चुनखडी ०.१ नॉर्मल आम्लाचे २०० मिली खाऊन टाकते. किटमध्ये आम्ल वीसच मिली आहे, म्हणजे ०.१ ग्रॅम चुनखडी त्याला पुरी पडते. दोन ग्रॅम मातीत ०.१ ग्रॅम म्हणजे पाच टक्के. पाचच्या पुढे चुनखडी असेल तर आम्ल स्फुरदापर्यंत पोचण्याआधीच संपलं. रंग येण्यासाठीही अर्क आंबट असावा लागतो, तोही उरत नाही. पाचच्या खाली असेल तर उलट: आम्ल शिल्लक राहतं आणि कॅल्शियमला घट्ट बांधलेलं स्फुरदही विरघळवून बाहेर काढतं, जे पिकाला या हंगामात मिळायचं नाही. म्हणून वरची तीन शेतं फुगलेली, खालची तीन बसलेली. तक्त्यात चुनखडीचा स्तंभ डोळ्यांसमोर होता, आम्ही तो बघितला नाही.

लगेच घरी येऊन बारा शेतांचे अर्क परत काढले आणि गाळल्यावर प्रत्येकात सामूची पट्टी बुडवली. दोन-तीन सामू दाखवणारे अर्क: १, ३, ७ आणि आणखी दोन. सहाच्या आसपास गेलेले: ५, १०, १२ आणि आणखी चार. पट्टीचं पाकीट १२० रुपयांचं. हे पहिल्या दिवशी माहीत असतं तर सात शेतांचं वाचन वहीत उतरलंच नसतं.

आता आमचा नियम असा आहे. गाळलेल्या अर्कात पट्टी बुडवा. सामू चारच्या वर गेला तर त्या मातीवर हे किट स्फुरदासाठी चालत नाही, रंग काहीही येवो. चारच्या खाली राहिला तर वाचा, पण चुनखडीच्या जमिनीत तो आकडा फुगलेला आहे हे धरून. पट्टी नसेल तर मातीच्या ढेकळावर पातळ आम्लाचे चार थेंब टाका. जोरात फसफसलं तर किटची पेटी परत बंद करा.

१४ ते १७ मे

हट्टानं एक प्रयत्न केला: किटचे थेंब तेच, पण अर्क ओल्सेनचा. ४२ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर पाण्यात. सोडाच हवा, बेकिंग पावडर नाही, तिच्यात काही वेळा फॉस्फेटच असतं. सामू ८.५ ला आणायला कॉस्टिकचे थेंब. अडीच ग्रॅम माती, पन्नास मिली द्रावण, अर्धा तास हलवायचं. हाताने अर्धा तास हलवणं म्हणजे काय ते बारा नळ्यांनंतर खांद्याला विचारा.

पहिल्या दिवशी रंगच आला नाही. मॉलिब्डेटच्या थेंबांतलं आम्ल सोड्यानं खाल्लं, वर फेस येऊन नळी सांडली. म्हणजे चुनखडीनं किटला जे केलं तेच आता मी स्वतः करत होतो! दुसऱ्या दिवशी सरांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या देखरेखीखाली, चष्मा-हातमोजे घालून, अर्कात आधी थेंब थेंब सल्फ्युरिक आम्ल टाकून सोडा मारला, फेस बसू दिला, मग किटचे थेंब. रंग आला, पण इतका फिका की तक्त्याचा पहिला खानाही गाठेना.

गणित केल्यावर कळलं की तसंच व्हायला हवं होतं. इथं गुणक वीस आहे. मध्यम पट्टा, १० ते २५ किलो, म्हणजे अर्कात ०.२२ ते ०.५६ पीपीएम. तक्त्याचा पहिला रंगीत खानाच ०.५ चा. म्हणून तक्ता बाजूला ठेवला आणि ०:५२:३४ च्याच पाण्यापासून, त्याच सोड्याच्या द्रावणात, ०, ०.२, ०.४ आणि ०.६ च्या नळ्या त्याच वेळी तयार केल्या. त्यांनाही तेवढंच आम्ल, तेवढेच थेंब. नळ्या शेजारी शेजारी धरून वरून खाली बघायचं, आडवं नाही. खोली जास्त मिळाली की फिका रंगही दिसतो.

क्रमांक १२ ही ०.४ आणि ०.६ च्या मधली दिसली, म्हणजे २२ च्या जवळ. प्रयोगशाळा २३. क्रमांक ३ आणि ५ दोन्ही ०.४ ला, म्हणजे १८. प्रयोगशाळा १७ आणि १६. क्रमांक १० ही ०.२ आणि ०.४ च्या मधली, प्रयोगशाळा १४. बारापैकी दहा शेतं योग्य वर्गात बसली. चुकलेली दोन सीमेवरची होती.

छान वाटलं, पण हे शेतात करायचं काम नाही. सल्फ्युरिक आम्ल बांधावर नेऊ नये. आणि एवढं सगळं करायचं तर तीनशे रुपये देऊन प्रयोगशाळेत का पाठवू नये, हा भावाचा प्रश्न बिनतोड आहे.

२० मे

बाकीच्या घटकांचं थोडक्यात.

सामू: किटमधला दर्शक आठच्या पुढे निळाच राहतो. आमच्या सगळ्या जमिनी आठच्या वर, त्यामुळे बाराच्या बारा नळ्या एकसारख्या निळ्या. पण प्रयोगशाळेत क्रमांक ९ चा सामू ८.७ आला, ती जमीन चोपण व्हायला लागली आहे. बाकीच्यांचा ८.० ते ८.३. जो फरक कळायला हवा तोच या रंगात दिसत नाही. आंबट जमिनीत, कोकणातल्या जांभ्या मातीत, हाच दर्शक कदाचित कामाचा ठरेल. इथं नाही.

नत्र: किट नायट्रेट मोजतं. प्रयोगशाळेचा 'उपलब्ध नत्र' पोटॅशियम परमँगनेटनं काढलेला असतो आणि त्यात सेंद्रिय पदार्थातून हळूहळू सुटणारं नत्रही येतं. दोन्ही आकडे जुळवायचेच नाहीत. शिवाय शेत क्रमांक २ मध्ये पाटाचं पाणी देण्याआधी आणि नंतर चार दिवसांनी किटचं नायट्रेट दोन खाने खाली गेलं. पाण्याबरोबर खाली उतरलं, एवढंच. उभ्या पिकात युरियाचा दुसरा हप्ता कधी द्यायचा हे बघायला त्याचा उपयोग होईल असं वाटतं, पण अजून करून पाहिलेलं नाही.

पालाश: इथं रंग नसतो, गढूळपणा असतो. नळीखालची काळी खूण दिसेनाशी होईपर्यंत. काळ्या मातीचा अर्क आधीच गढूळ असेल तर आकडा फुगतो. आणि हे रसायन अमोनियमबरोबरही पांढरं होतं, म्हणून युरिया किंवा अमोनियम सल्फेट टाकून आठवडा झालेल्या शेतात पालाश बघूच नये. आमच्याकडे पालाश प्रयोगशाळेतही सगळीकडे 'जास्त'च आला, त्यामुळे फसगत झाली तरी महागात पडली नसती.

सेंद्रिय कर्बाची चाचणी आम्ही केलीच नाही. काळी माती काळी आहे म्हणून कर्ब भरपूर, असा समज अजून गटात आहे. अहवालात सात शेतांचा कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली आहे. तो कागद समाजमंदिरात लावला आहे.

२८ मे

बैठक. खर्च मांडला: किट ४६००, काटा ६५०, पट्ट्या १२०, डिस्टिल्ड पाणी आणि गाळणी कागद ३८०, प्रयोगशाळा ४२००. एकूण ९९५०. वेळ दोघांचा मिळून साधारण अकरा दिवस, त्यातले चार कोळसा, पावडर आणि चमच्यानं खाल्ले.

अण्णांनी सरळ विचारलं, "मग किट विकून टाकायचं का?" नाही. पुढच्या वर्षी असं करायचं ठरलं. सगळ्या शेतांवर आधी फसफस आणि अर्काची पट्टी. जे शेत फसफसतं ते थेट प्रयोगशाळेत. जे फसफसत नाही आणि किटवर ० येतं, तिथं स्फुरद कमी असण्याची शक्यता मोठी, कारण आम्लानं काढूनही निघालं नाही. तिथं खत टाकायला प्रयोगशाळेची वाट बघायची गरज नाही. मधले सगळे तीन वर्षांतून एकदा प्रयोगशाळेत. एकाच शेतात बांधाकडचा आणि पाटाकडचा भाग वेगळा आहे का, हे बघायला मात्र किट चांगलं, कारण तिथं माती तीच, चूकही तीच, आणि आपण फक्त फरक बघतो. पट्टी मात्र दोन्ही अर्कांत बुडवायची, चुनखडी शेतात सगळीकडे सारखी नसते.

क्रमांक १२ च्या मालकानं तीनऐवजी एक गोणी आणली. क्रमांक ३ वाल्यांना किटनं 'जास्त' म्हणून सांगितलं होतं, ते काहीच टाकणार नव्हते. त्यांनाही अहवाल दाखवून शिफारशीएवढं टाकायला लावलं. ते अजून माझ्यावर थोडे नाराज आहेत, कारण किटचा निरोप मीच त्यांच्या घरी जाऊन दिला होता.

११ जून

पाऊस झाला, वाफसा आल्यावर पेरण्या. क्रमांक १२ मध्ये दहा ओळींचा एक पट्टा डीएपीशिवाय पेरून खुणेच्या काठ्या रोवल्या आहेत. सोयाबीन काढल्यावर तो आणि शेजारचा पट्टा वेगळा मळून तोलायचा आहे. स्टॅनस क्लोराइडची बाटली फ्रिजमध्येच आहे. दर पंधरा दिवसांनी तिचा एक थेंब १ पीपीएमच्या पाण्यात टाकून रंग बघतो, परवा पहिल्यांदाच तो ०.५ कडे झुकलेला दिसला.